चादर-टॉवेलच्या दुकानाचा विक्री डेटा साफ करायचा आहे: कामाची हद्द आणि माझ्याकडची तयारी

नमस्कार ताई,

फोनवर बोललो त्याप्रमाणे कामाचं सगळं एकदा लिहून पाठवतो. लांबलंय, पण हे वाचूनच तुमचा आकडा सांगा. नुसतं "एक्सेल साफ करायचंय" एवढ्यावर भाव ठरला, तर मध्येच तुम्हाला परवडत नाही आणि मला उशीर होतो.

आधी हे कशासाठी हवंय ते सांगतो, म्हणजे काय जपायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. दुकान चाटी गल्लीत. सोलापुरी चादर, टॉवेल, नॅपकिन, थोडी बेडशीट. काउंटरवर किरकोळ विक्री आणि पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, विजयपूरकडच्या दुकानदारांना ठोक. दिवाळीच्या आणि सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या मालाची ऑर्डर अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत आधीच नोंदवावी लागते. कोणती साइज कोणत्या महिन्यात किती नग गेली, एवढं एकच उत्तर मला या डेटातून हवंय. नफा-तोटा नको, रंगीत आलेख नकोत, उधारीचा हिशेब नको, शिल्लक मालाचा तर मुळीच नको. त्यामुळे तारीख, वस्तू-साइज आणि नग हे तीन रकाने शंभर टक्के बरोबर हवेत. बाकीचे आहेत तसे राहिले तरी माझी तक्रार नाही.

फाइली दोन. 2024-25 ची फाइल नवीन बिलिंग सॉफ्टवेअरमधून मी पुन्हा ताजी काढून देतो. ती सीएसव्ही असेल. त्यावर डबल क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये डेटा टॅबमधून आत घ्या आणि तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगा. असं केलंत तर ती फाइल फारसा त्रास देणार नाही. खरं दुखणं 2023-24 च्या फाइलीत आहे. जुनं सॉफ्टवेअर बंद पडलंय, बॅकअप उघडत नाही, आणि हातात आहे ती फक्त जुन्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर उघडून सेव्ह केलेली एक्सेल. त्या कॉम्प्युटरची विंडोज सेटिंग अमेरिकेची होती. सॉफ्टवेअर तारीख आपल्या पद्धतीने द्यायचं, आधी दिवस मग महिना, आणि कॉम्प्युटर ती आधी महिना मग दिवस अशी वाचायचा.

याचा परिणाम नीट समजून घ्या, कारण निम्मं काम इथेच आहे. 1 मे 2023 चं बिल सॉफ्टवेअरने 01/05/2023 असं दिलं. एक्सेलने ते 5 जानेवारी 2023 समजून आत ठेवलं. त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते 1/5/2023 असंच दिसायचं, म्हणजे आपल्या डोळ्यांना अगदी बरोबर. तीच फाइल पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडली, जिथे सेटिंग भारताची आहे, की 05-01-2023 दिसतं. पण 30 एप्रिलचं बिल 30/04/2023 असं आलं, तेव्हा तिसावा महिना नसतो म्हणून एक्सेलने ते तारीख मानलंच नाही, साधा मजकूर म्हणून ठेवून दिलं. थोडक्यात, महिन्याच्या 1 ते 12 तारखांची बिलं उलटली आहेत आणि 13 पासून पुढची मजकूर होऊन पडली आहेत. पुतण्याने पिव्होट टेबल करून बघितलं, तर महिनावार गट पाडायलाच नकार मिळाला, तो या मजकुरामुळे.

ओळखायची खूण सोपी आहे. रकान्याला कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसेल, तर खऱ्या तारखा उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. त्याहून पक्की खूण वर्षाच्या कडेला सापडते. फाइल 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या वर्षाची आहे, तरीही तिच्यात जानेवारी ते मार्च 2023 ची बिलं दिसतात आणि एप्रिल ते डिसेंबर 2024 ची पण दिसतात. ही सगळी उलटलेली. आणि एक गंमत बघा: उजवीकडे चिकटलेल्या तारखांमध्ये एप्रिल 2023 म्हणून जे दिसतं, ते खरं तर एप्रिल ते डिसेंबर या प्रत्येक महिन्याच्या 4 तारखेचं आहे. असा एप्रिल धरून मी मालाची ऑर्डर दिली तर काय होईल, ते तुम्हीच विचार करा.

दुरुस्तीसाठी शेजारी नवीन रकाना घ्या, जुन्याला हात लावू नका. तारीख A मध्ये असेल तर साधारण असं:

```
=IF(ISNUMBER(A2),
  DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
  DATE(RIGHT(TRIM(A2),4),MID(TRIM(A2),4,2),LEFT(TRIM(A2),2)))
```

पहिला भाग उलटलेली तारीख सुलटी करतो, दुसरा मजकुराची तारीख बनवतो. पण हे सूत्र आंधळेपणाने पूर्ण फाइलीवर ओढू नका. फाइलीच्या शेवटी काही ओळी नंतर लॅपटॉपवर हाताने टाकलेल्या आहेत, त्या मुळात बरोबर आहेत. सूत्र लावलंत तर बरोबर तारीख चुकीची होईल. 13 किंवा पुढची तारीख असून ती उजवीकडे चिकटलेली दिसली, तर ती ओळ हाताने टाकलेली, असं समजा. त्या ओळींत 12 तारखेपर्यंतचीही काही असणार. ती कशी ओळखायची, तर बिल नंबरवरून.

या कामात माझा सगळा भरवसा बिल नंबरावर आहे. आमच्या तीन मालिका आहेत: R/ काउंटरची, W/ ठोकची, G/ गड्ड्याच्या स्टॉलची. एका मालिकेत नंबर वाढत जातो तशी तारीख पुढेच जाते, मागे कधी येत नाही. म्हणून तिन्ही मालिका वेगळ्या करा, नंबराने लावा आणि नवीन तारीख खाली उतरत वाचा. R/212 ला 30 एप्रिल, R/213 ला 1 मे, R/214 ला 2 मे आलं तर ठीक. R/213 ला मध्येच 5 जानेवारी दिसलं, तर ती ओळ सुलटी व्हायची राहिली. खालच्या ओळीची तारीख वरच्या ओळीपेक्षा लहान असेल तिथे खूण करणारा एक रकाना टाकलात, की काम चटकन होतं. लावताना एक जपा. R/99 नंतर R/100 यायला हवा, पण मजकूर म्हणून लावलं तर R/10 नंतर R/100 येतो. स्लॅशच्या पुढचा आकडा वेगळा काढून मगच लावा.

G/ मालिकेला हा नियम लागू नाही. सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यात आम्ही स्टॉल लावतो, तिथे दोन-तीन हातबिलबुकं एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे नंबर आणि तारीख यांचा क्रम जुळत नाही. शिवाय ती बिलं नंतर एका बैठकीत सॉफ्टवेअरमध्ये चढवली, आणि सगळ्यांवर चढवल्याची तारीख पडली, 5 फेब्रुवारी 2024. फाइलीत ती तुम्हाला 2 मे 2024 अशी दिसतील. इथे सुलटी केलेली तारीख पण कामाची नाही, कारण माल जानेवारीत गेला. त्या बिलबुकांच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून मी देणार आहे. पानावरची तारीख धरा. फोटोत वाचता आली नाही तर तारखेच्या जागी "जानेवारी 2024, दिवस नाही" अशी नोंद चालेल. मला महिना पुरतो.

आता नग. किरकोळीत टॉवेल नगावर जातो, ठोकमध्ये डझनावर. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एककाचा रकानाच नव्हता, नुसतं "नग". एक उदाहरण देतो. W/87 मध्ये टॉवेल 30x60, नग 5, दर 1320, रक्कम 6600. R/340 मध्ये तोच टॉवेल, नग 2, दर 140, रक्कम 280. फाइलीची बेरीज सांगते, 7 टॉवेल गेले. खरे गेले 62, कारण पहिल्या बिलातले 5 म्हणजे पाच डझन, 110 रुपये नगाने 60 टॉवेल. म्हणून "खरे नग" असा नवा रकाना हवा आणि शेजारी एकक: नग, डझन किंवा जोडी.

30x60 च्या टॉवेलला दरावरून ठरवता येतं. त्या वर्षी नगाचा दर दीडशेच्या आत होता आणि डझनाचा हजाराच्या वर, मधे मोठी मोकळी जागा आहे. पण हीच युक्ती सगळीकडे चालत नाही. नॅपकिनचा डझन आणि मोठ्या टॉवेलचा एक नग यांचे दर जवळजवळ येतात, आणि काउंटरवरचा पोरगा नॅपकिनला कधी कधी "टॉवेल छोटा" लिहितो. चादरीचं तर त्याहून अवघड. सिंगल चादरीची जोडी साधारण डबलच्या एका चादरीच्या भावात बसते. तेव्हा चादरीला दरावरून एकक ठरवू नका. साइज लिहिलेली असेल तर साइजवरून ठरवा. साइज नसेल तर ओळ "विचारायच्या" यादीत टाका. मी ठोकची वही काढून बघून सांगतो. अंदाजाने भरलेल्या दहा ओळींपेक्षा मोकळ्या ठेवलेल्या शंभर ओळी मला चालतील.

टॅक्सच्या रकान्याला मात्र हात नको, तिथे काहीही दिसलं तरी. त्या काळात अशा मालाला नगाच्या भावावर जीएसटी होता, हजारापर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12. त्यामुळे ठोकच्या टॉवेलवर कुठे 12 टक्के दिसले, तर सॉफ्टवेअरने डझनाचा दर नगाचा समजून घेतला असणार. एकक ओळखायला ही खूण तुम्हाला उपयोगी पडेल. पण आकडा बदलू नका, वेगळ्या शीटवर बिल नंबर लिहून ठेवा. रिटर्न भरून झालेली आहेत, त्याचं काय करायचं ते सीए बघतील.

वस्तूंच्या नावांची तयारी मी करून ठेवतोय. मालाची एक पक्की यादी देईन, प्रत्येकाला छोटा कोड, त्यात प्रकार आणि साइज. तुम्ही मूळ नाव तसंच ठेवून शेजारी कोड लावायचा. जेकार्ड, जॅकार्ड, जकाट, सोलापुरी, "चादर भारी" हे सगळं आमच्याकडे एकच, साइज तेवढी वेगळी. 60x90, 60*90, 60 X 90 आणि 90x60 पण एकच. 90x100 मात्र डबल, ती यात मिसळू देऊ नका. रंग सोडून द्या. "मोर", "कमळ" असं डिझाइन लिहिलेलं असेल तर वेगळ्या रकान्यात टाकलंत तर बरं, नाही टाकलंत तरी पैसे कापणार नाही.

यात एक न दिसणारा चकवा आहे, तो पुतण्याने शोधला. "टॉवेल" हा शब्द फाइलीत दोन तऱ्हेने टाइप झालाय. एकात टॉ साठी ॉ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात काना वेगळा आणि वरचा चंद्र वेगळा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. फिल्टर लावला की एकाच नावाच्या दोन ओळी खाली उतरतात, आणि माणूस चक्रावतो. जुळवणी करण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्या. तसंच काही नावांच्या शेवटी जी मोकळी जागा आहे ती नुसत्या TRIM ने जात नाही, कारण ती साधी स्पेस नाही. तिला हे लागतं:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160)," "))
```

काही जुन्या ओळींत आकडे देवनागरी आहेत, ६०x९० असे. ते पण 60x90 करून घ्या.

डुप्लिकेटबद्दल थोडं. एक्सेलचं "डुप्लिकेट काढा" बटण दाबू नका. काउंटरवर एकाच दिवशी तीन गिऱ्हाइकं तीच चादर त्याच भावात रोखीने नेतात, ती तीन खरी बिलं आहेत. एकाच बिलात तोच टॉवेल दोनदा आलेला पण दिसेल, कारण गिऱ्हाईक आधी दोन घेतं आणि पैसे देताना आणखी एक मागतं. डुप्लिकेट म्हणायचं ते फक्त एकाच वर्षात, एकाच मालिकेत, तोच बिल नंबर पूर्णच्या पूर्ण दुसऱ्यांदा आला तर. दर 1 एप्रिलला आमचे नंबर एकपासून सुरू होतात आणि कायद्यालाही नंबर त्या आर्थिक वर्षापुरताच वेगळा लागतो, म्हणून दोन वर्षांच्या फाइली जोडताना नंबराआधी वर्ष लावा, 2324-R/212 असं. नाहीतर दोन वेगळ्या वर्षांची बिलं एकमेकांत जातील. परत आलेला माल वजा आकड्यात आहे, तो ठेवा, तो पण विक्रीचाच भाग. रद्द बिलं शून्य रकमेची असतात, ती काढू नका, नाहीतर नंबरांत भोकं पडतात आणि बिल हरवलं की रद्द झालं ते कळत नाही.

गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर असलेला रकाना मी काढूनच फाइल देणार. तो तुम्हाला लागणार नाही आणि मला तो बाहेर जायला नको. ठोकवाल्या दुकानदारांचं नाव मराठीत-इंग्रजीत वेगवेगळं लिहिलं गेलंय, तिथे जीएसटी नंबर सारखा असेल तर दुकानदार एकच. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, 29 म्हणजे कर्नाटक, एवढा भाग मला राज्य कळायला पुरतो. जीएसटी नंबर नसेल तर नावं जुळवण्यात वेळ घालवू नका. एकाच आडनावाची चार-चार दुकानं आहेत, आणि चुकीची जोडलेली नावं पुन्हा सोडवणं म्हणजे गुंतलेला बाना सोडवणं.

काम बरोबर झालं हे कसं पाहायचं, तेही आधीच ठरवू. सीएंकडून दोन्ही वर्षांची महिनावार विक्रीची बेरीज मी मागवली आहे, टॅक्ससकट आणि टॅक्स सोडून. R/ आणि W/ मालिकांची तुमच्या नव्या तारखेने येणारी महिनावार बेरीज तिच्याशी रुपयाला रुपया जुळली पाहिजे. G/ ची बिलं सीएंच्या कागदात फेब्रुवारीत आहेत आणि तुमच्याकडे जानेवारीत येतील, तेवढाच फरक चालेल, आणि तो G/ च्या बेरजेइतकाच असला पाहिजे. वर्षाची एकूण रक्कम मूळ फाइलीपेक्षा वेगळी आली, तर फरक काढून टाकलेल्या डुप्लिकेटच्या यादीइतकाच असावा. नग बदलतील, रक्कम बदलणार नाही. रक्कम कुठे हलली तर थांबा आणि मला विचारा.

शेवटी हातात काय हवंय: मूळ फाइली जशाच्या तशा. एक साफ फाइल, दर बिलातल्या दर वस्तूला एक ओळ, जुने रकाने डावीकडे आणि तुमचे नवे उजवीकडे. एक शीट, ज्यात काय बदललं आणि कोणत्या नियमाने ते लिहिलेलं. आणि एक "विचारायच्या" ओळींची शीट. साफ फाइल एक्सेलमध्येच द्या, मराठी अक्षरांचा घोळ होत नाही. पासवर्ड नको.

माझ्याकडून तुम्हाला मिळेल ते: दोन फाइली, मालाची कोडयादी, गड्ड्याच्या बिलबुकांचे फोटो, सीएंचा कागद. कोडयादी आणि फोटो अजून तयार व्हायचे आहेत. ते झाल्याशिवाय तुमचे दिवस मोजायला सुरुवात करू नका. सगळं एकाच गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकतो, व्हॉट्सॲपवर फाइली पाठवत बसलो की कुठली शेवटची ते कुणालाच कळत नाही.

एकदम सगळं घेऊ नका. आधी एप्रिल आणि मे 2023 एवढेच दोन महिने करून द्या. त्यात उलटलेल्या तारखा, डझन, चादरींचे घोळ सगळं थोडं-थोडं येतं. त्या दोन महिन्यांचे पैसे वेगळे, काम पुढे गेलं नाही तरी ते तुमचे. बेरीज जुळली की उरलेल्याचा निम्मा आगाऊ आणि निम्मा सीएंच्या कागदाशी सगळं जुळल्यावर. "विचारायच्या" ओळी माझ्याकडून उशिरा सुटल्या, तर त्याचा भार तुमच्यावर नाही. उलट मध्येच मी "जरा स्टॉक पण जोडा की" म्हणालो, तर त्याचा भाव वेगळा लावा, संकोच करू नका.

दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी कमी असते, तेव्हा फोन केलात तर वही समोर ठेवून बोलता येईल. तुमचा आकडा सांगताना दोन महिन्यांचा वेगळा आणि पूर्ण कामाचा वेगळा सांगा.